शॉर्ट झाला तरी जळणार नाही? — करंट लिमिट आणि फोल्डबॅक

गोष्ट आमच्याच रूममधली आहे. मिनी प्रोजेक्टसाठी १२ व्होल्ट, १ अँपिअरचा पॉवर सप्लाय बनवला होता. ७२३ आयसी, बाहेर २एन३०५५ पास ट्रान्झिस्टर, आणि "शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन" म्हणून अर्ध्या ओहमचा एक रेझिस्टर. व्हायव्हात सरांसमोर आउटपुटच्या वायरी एकमेकींना टेकवून दाखवल्या, काही झालं नाही, मार्क मिळाले. त्यानंतर एका रात्री सप्लाय चालूच राहिला आणि क्रोकोडाइल क्लिप टेबलावर एकमेकींना चिकटून पडल्या. सकाळी हीटसिंकला हात लावला तर चटकाच बसला. क्लिप सोडवून बोर्ड जोडला, आणि मायक्रोकंट्रोलरसकट सगळं गेलं. मीटरवर १२ ऐवजी २० व्होल्ट!

प्रोटेक्शन असताना हे कसं झालं, ते समजून घेऊ.

साधं करंट लिमिट

पास ट्रान्झिस्टरचा एमिटर आणि आउटपुट यांच्यामध्ये सेन्स रेझिस्टर असतो. सगळा लोड करंट त्यातूनच जातो. एका छोट्या ट्रान्झिस्टरचा बेस या रेझिस्टरच्या एमिटरकडच्या टोकाला आणि त्याचा एमिटर आउटपुटकडच्या टोकाला जोडतात. रेझिस्टरवरचा ड्रॉप साधारण ०.६ व्होल्ट झाला की हा छोटा ट्रान्झिस्टर चालू होतो आणि पास ट्रान्झिस्टरचा बेस ड्राइव्ह ओढून घेतो. मग करंट तिथेच अडतो. ७२३ मध्ये हा ट्रान्झिस्टर आतच असतो. १४ पिनांच्या आयसीत पिन २ त्याचा बेस आणि पिन ३ त्याचा एमिटर.

आमचा हिशोब सरळ होता. ०.६ भागिले ०.५, म्हणजे १.२ अँपिअरला लिमिट. ते बरोबरच होतं. चूक पुढे होती.

नेहमीच्या कामात इनपुट २० व्होल्ट, आउटपुट १२, करंट १ अँपिअर. म्हणजे पास ट्रान्झिस्टरवर साधारण ८ वॅट. आउटपुट शॉर्ट झाल्यावर करंट १.२ वरच अडतो, पण आता जवळपास सगळे २० व्होल्ट ट्रान्झिस्टरवर येतात. उष्णता होते २३ वॅटच्या वर, म्हणजे जवळजवळ तिप्पट.

आता तापमान बघू. आमचा हीटसिंक दर वॅटला ५ अंश तापणारा. त्यात ट्रान्झिस्टरच्या आतले दीड अंश आणि अभ्रकाच्या चकतीचा अर्धा अंश मिळवला की दर वॅटला ७ अंश. खोलीत ३५ अंश धरले तर ८ वॅटला जंक्शन ९१ अंशावर, काही हरकत नाही. २३ वॅटला मात्र तेच जंक्शन २०० अंशाच्या आसपास जातं, आणि २एन३०५५ ची कमाल मर्यादाच २०० आहे. सरांसमोरच्या दोन सेकंदांत हीटसिंक तापायला वेळच नव्हता. रात्रभरात तो भरपूर मिळाला. असा ट्रान्झिस्टर मरतो तेव्हा बहुतेक वेळा कलेक्टर-एमिटर शॉर्ट होऊन मरतो. म्हणून कच्चे २० व्होल्ट थेट बोर्डावर गेले.

थोडक्यात, करंट अडवला होता, वॅट अडवले नव्हते.

फोल्डबॅक

उपाय दोन. एक तर तिप्पट उष्णतेसाठी मोठा हीटसिंक लावायचा, नाहीतर आउटपुट व्होल्टेज पडेल तसं लिमिटही खाली आणायचं. दुसऱ्या उपायाला फोल्डबॅक म्हणतात आणि त्यासाठी फक्त दोन रेझिस्टर जास्त लागतात.

छोट्या ट्रान्झिस्टरचा बेस पास ट्रान्झिस्टरच्या एमिटरला थेट न जोडता डिव्हायडरमधून जोडायचा. एमिटरपासून बेसपर्यंत R1, बेसपासून ग्राउंडपर्यंत R2. छोट्या ट्रान्झिस्टरचा एमिटर पूर्वीसारखाच आउटपुटवर. आता सेन्स रेझिस्टरवरच्या ड्रॉपमधून डिव्हायडर थोडा भाग "खातो", आणि हा भाग आउटपुट व्होल्टेज जितकं जास्त तितका मोठा. म्हणून १२ व्होल्टला ट्रान्झिस्टर चालू करायला भरपूर करंट लागतो आणि शून्य व्होल्टला थोडाच पुरतो.

```
k    = R2 / (R1 + R2)
Isc  = 0.6 / (k * Rs)
Imax = (0.6 + (1 - k) * Vo) / (k * Rs)
```

आम्ही Rs १.५ ओहम, R1 १०० ओहम आणि R2 ९१० ओहम घेतले. k येतो ०.९. शॉर्ट करंट ०.४४ अँपिअर आणि १२ व्होल्टला लिमिट १.३२ अँपिअर.

पडताळून बघा. १ अँपिअरला पास ट्रान्झिस्टरचा एमिटर १३.५ व्होल्टवर, डिव्हायडरचा मधला बिंदू १२.१६ वर. बेस-एमिटरमध्ये जेमतेम ०.१६ व्होल्ट, म्हणजे छोटा ट्रान्झिस्टर झोपलेला. १.३२ अँपिअरला एमिटर १३.९८ वर आणि मधला बिंदू १२.६ वर. झाले ०.६, तो जागा झाला.

शॉर्टमध्ये आता ट्रान्झिस्टरवर साधारण ८.६ वॅट येतात, रोजच्या कामाइतकेच. पण सर्वांत वाईट अवस्था शॉर्ट नाही! आउटपुट अर्ध्यावर, ६ व्होल्टच्या आसपास अडकलं तर ०.८८ अँपिअर वाहतो आणि उष्णता ११.२ वॅट होते. हीटसिंक या आकड्यासाठी निवडायचा. आमच्या त्याच हीटसिंकवर जंक्शन ११३ अंशावर राहतं.

याची किंमतही आहे. Rs तिप्पट झाला, म्हणून १ अँपिअरला त्यावर दीड व्होल्ट पडतात आणि दीड वॅट जळतो. ५ वॅटचा वायरवाउंड लावा, आणि इनपुटला तेवढी जादा जागा आहे ना ते बघा.

मोटर का अडकली?

फोल्डबॅक बसवून आम्ही खूश. मग शेजारच्या रूमवाल्याने एक छोटा डीसी पंप आणला. चालू असताना ०.७ अँपिअर घेणारा. जोडला तर नुसता गुणगुणला, फिरलाच नाही. सप्लाय खराब झाला असं वाटलं, पण तो ठीक होता.

थांबलेल्या मोटरचं वाइंडिंग २ ओहमचं. तिला १२ व्होल्टला ६ अँपिअर हवे असतात, म्हणून सप्लाय लगेच दुमडतो आणि १ व्होल्ट, ०.५२ अँपिअरवर स्थिर होतो. पंपाला जागचं हलायला ०.६ अँपिअर लागत होते. ते मिळत नाहीत म्हणून फिरत नाही, फिरत नाही म्हणून बॅक ईएमएफ नाही, आणि बॅक ईएमएफ नाही म्हणून व्होल्टेज वर येत नाही. याला लॅच-अप म्हणतात. जुन्या १.२ अँपिअरच्या साध्या लिमिटवर हाच पंप आरामात सुरू झाला असता.

इलाज म्हणजे कमी दुमडणं. R1 ३३ ओहम आणि Rs ०.८२ ओहम केल्यावर शॉर्ट करंट ०.७६ झाला, वरचं लिमिट १.२९ राहिलं, आणि अडकलेल्या मोटरला ०.८ च्या वर करंट मिळू लागला. पंप सुरू. बदल्यात शॉर्टमध्ये १४.७ वॅट, म्हणजे जंक्शन १३८ अंशावर. चालण्यासारखं आहे.

लॅबमध्ये करून बघा

पहिल्या फोल्डबॅक सर्किटला रिओस्टॅट, व्होल्टमीटर आणि अँमीटर लावा. १२ ओहमला १२ व्होल्ट, १ अँपिअर दिसेल. ५ ओहमला साधारण ३.५ व्होल्ट आणि ०.७ अँपिअर, आणि पूर्ण शॉर्टला ०.४४. लोड वाढवला की करंट कमी होतो, हे बघून पहिल्यांदा मीटरवरच शंका येते. आकडे दहा-वीस टक्के इकडेतिकडे होतील, कारण ते ०.६ व्होल्ट तापमानाबरोबर अंशाला साधारण २ मिलीव्होल्टने उतरतात.

आणि हो, शॉर्ट टेस्ट दोन सेकंदांची नको. वायरी टेकवा, चहा पिऊन या, मग हीटसिंक तपासा. तेव्हाही आउटपुट परत १२ व्होल्ट आलं तरच रिपोर्टमध्ये "शॉर्ट सर्किट प्रोटेक्टेड" लिहा.