कंपनीचे नाव आणि व्यापारचिन्ह

नवा उद्योग काढणाऱ्या तरुणांना व्यापारचिन्हाचे, म्हणजेच ट्रेडमार्कचे, सल्लागार आरंभीच एक प्रश्न विचारतात : नाव कुणाचे? बहुधा उत्तर मिळते, "आमचेच. कंपनी निबंधकाने ते मंजूर केले असून प्रमाणपत्रही हाती आले आहे." नेमका येथेच धोका असतो. शेतकरी उत्पादक कंपन्याही याच कंपनी कायद्याखाली नोंदल्या जात असल्याने हा विषय केवळ शहरी उद्योजकांपुरता राहिलेला नाही.

कंपनी निबंधक प्रामुख्याने पाहतो ते एवढेच, की त्याच नावाची किंवा त्याच्याशी फार मिळतीजुळती कंपनी आधी अस्तित्वात आहे काय. नोंदलेली व्यापारचिन्हेही या वेळी पडताळली जातात खरी. तथापि त्या पडताळणीतून नाव सुटले म्हणजे ते मालावर छापण्याचा हक्क मिळाला, असा त्याचा अर्थ होत नाही. कंपनी कायदा एका संस्थेला दुसरीपासून वेगळी ओळखण्याची सोय करतो, तर १९९९चा व्यापारचिन्ह कायदा ग्राहकाच्या मनात माल कोणाचा याविषयी घोटाळा होऊ नये म्हणून आहे. पहिल्याचे प्रमाणपत्र दुसऱ्याखालील दाव्यात ढाल म्हणून उपयोगी पडत नाही.

उदाहरणादाखल समजा, तालुक्याच्या गावी दोघा पदवीधरांनी 'कणीसा' नावाची खासगी कंपनी स्थापून नाचणीची बिस्किटे विकण्यास प्रारंभ केला. दोन वर्षांत आसपासच्या जिल्ह्यांतील दुकानदार माल मागवू लागले आणि चाळीस हजार वेष्टणे छापून आली. तोच इंदूरच्या एका उत्पादकाची नोटीस येते. त्याचे 'कनिसा' हे चिन्ह बिस्किटे ज्यात मोडतात त्या तिसाव्या वर्गात आधीच नोंदलेले आहे. लेखन वेगळे असले तरी कानाला दोन्ही नावे जवळजवळ सारखीच लागतात, आणि दुकानात गिऱ्हाईक माल तोंडीच मागते. नोंदलेले चिन्ह त्याच प्रकारच्या मालासाठी आपल्या व्यापारी नावात वापरणे हेदेखील या कायद्याने उल्लंघनच ठरते. शिवाय नोटीस देणारा स्वतः जेथे व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो. म्हणजे बचावासाठी फेऱ्या इंदूरच्या.

दुसरा मार्ग कंपनी कायद्याच्या कलम १६चा. नोंदणीकृत चिन्हाचा मालक कंपनीच्या स्थापनेपासून तीन वर्षांच्या आत अर्ज करू शकतो. तो मान्य झाल्यास कंपनीला तीन महिन्यांत नाव बदलावे लागते. न बदलल्यास, १ सप्टेंबर २०२१पासून लागू असलेल्या नियमानुसार, काही अक्षरे, आदेशाचे वर्ष, अनुक्रमांक व कंपनीचा ओळखक्रमांक यांचे बनलेले एक रुक्ष नाव कंपनीला आपोआप चिकटते. असे नाव घेऊन बँकेत कर्ज मागावयास जाणे कोणाला रुचेल? तीन वर्षे उलटली म्हणजे धोका टळला असेही नाही. चिन्हाच्या उल्लंघनाचा दावा वेगळा उभा राहतो.

समोरच्याची नोंदणी नसली तरी निश्चिंत राहता येत नाही. आधीपासून वापर करणाऱ्याचा हक्क कायदा मानतो. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या प्रकरणात हे तत्त्व संकेतस्थळांच्या नावांनाही लावले. सत्यम इन्फोवेने आपल्या नावातील अक्षरांवरून 'सिफी' हा शब्द घडविला होता. प्रतिवादी कंपनीने इंग्रजीत एक 'एफ' अधिक घालून जवळपास तेच नाव घेतले आणि आपल्या पाच प्रवर्तकांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ते बनल्याचे सांगितले. हा खुलासा न्यायालयाला पटला नाही. संकेतस्थळाचे नाव रीतसर नोंदलेले होते, पण तेवढ्याने बचाव झाला नाही.

यावरील उपाय फारसा खर्चिक नाही. मात्र तो वेष्टणे छापण्यापूर्वी केला पाहिजे. व्यापारचिन्ह निबंधकाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य शोध घेता येतो. तेथे केवळ अक्षरशः शोध घेऊन थांबू नये. उच्चारसाम्याचा शोधही घ्यावा, कारण 'कनिसा' सापडतो तो तेथेच. माल ज्या वर्गात मोडतो त्याच्या शेजारचे वर्गही चाळावेत. नाव मोकळे दिसल्यास टीएम-ए हा अर्ज करावा. व्यक्ती, मान्यताप्राप्त स्टार्टअप व लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे साडेचार हजार रुपये, तर इतरांना नऊ हजार रुपये शुल्क आहे. अर्ज स्वीकारला गेल्यावर चिन्ह नियतकालिकात प्रसिद्ध होते व चार महिन्यांपर्यंत त्यास हरकत घेता येते. नोंदणी झाल्यास ती अर्जाच्या दिनांकापासून दहा वर्षांसाठी असते.

शोधालाही मर्यादा आहे. नोंदणी न करता वर्षानुवर्षे नाव वापरणारा दुकानदार त्या यादीत दिसत नाही. त्यासाठी बाजारात चौकशी करणे आणि संकेतस्थळे पाहणे हाच मार्ग उरतो. उलटपक्षी स्वतःचा वापर सिद्ध करण्यासाठी पहिल्या विक्रीचे तारखेसह देयक, छापखान्याचे बिल व जाहिरातीची प्रत यांची नस्ती पहिल्या दिवसापासून ठेवावी. वाद उद्भवल्यावर आधीचा वापर कोणाचा, याचा निवाडा या कागदांवरूनच होतो.