पाकिटावरची अक्षरे आणि कढईतील तेल

रत्नागिरीच्या बाजारात फरसाणाचे पाकीट हाती घेतले की आम्ही प्रथम घटकांची यादी वाचतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. त्यात ‘हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट’ किंवा ‘वनस्पती’ हे शब्द दिसले, तर द्रव तेलावर हायड्रोजनची क्रिया करून ते घट्ट केले आहे, असे समजावे. ही क्रिया अर्धवट थांबवल्यास ट्रान्स मेद उरतो. तो रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवतो व हितकारक कोलेस्टेरॉल घटवतो.

त्यानंतर आम्ही पोषणतक्ता पाहतो. समजा, २०० ग्रॅमच्या पाकिटावर ‘३० ग्रॅममागे ट्रान्स फॅट ०.१५ ग्रॅम’ असे लिहिले आहे. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु संपूर्ण पाकिटात तो १ ग्रॅम होतो. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या व्यक्तीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा सुमारे २.२ ग्रॅम आहे. म्हणजे एकाच पाकिटात जवळजवळ निम्मी मर्यादा संपली.

वडे तळणाऱ्या कढईवर मात्र असा तक्ता नसतो. तेल पुनःपुन्हा तापवल्याने ट्रान्स मेद थोडा वाढतो. त्याहून पुष्कळ अधिक वाढतात ती ध्रुवीय संयुगे. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल वापरण्यास भारतात १ जुलै २०१८ पासून मनाई आहे. नेमके प्रमाण उपकरणानेच कळते. परंतु काळपट दाटपणा, न विरणारा फेस आणि नेहमीपेक्षा लवकर उठणारा धूर या खुणा कोणासही ओळखता येतात. गाळल्याने केवळ जळके कण निघतात. बिघडलेले तेल पूर्ववत होत नाही.