यंत्रांचा कोलाहल, कान आणि पाठ

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत दिवाळीच्या सुमारास गव्हाणीत उसाची मोळी पडते, आणि पुढे कित्येक महिने माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखाने अहोरात्र चालू राहतात. तेथे पाळीवर जाणारे वडील, चुलते किंवा वडील बंधू आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी असतील. त्यांच्या कानांविषयी, आणि थोडेसे पाठीविषयी, येथे लिहीत आहोत.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक वेटोळा अवयव असतो. त्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असून त्या ध्वनीची कंपने मज्जातंतूंकडे पोचवितात. मोठ्या आवाजाने त्या प्रथम थकतात. पाळी सुटल्यावर कान गुणगुणतात, बधिर वाटतात. रात्रभर विश्रांती मिळाली की बरे वाटते. हाच फसवा भाग होय. रोजचा थकवा साचत गेला की पेशी मरतात, आणि मनुष्याच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. मग औषधाचा उपयोग होत नाही.

ही हानी प्रथम उंच स्वरांत, सेकंदाला सुमारे ४००० कंपनांच्या आसपास होते. बोलण्यातील स्वर खालच्या पट्टीत असतात, तर स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीत पटते. म्हणून अशा मनुष्याला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. ‘साप’ की ‘थाप’ याचा त्याला उलगडा होत नाही. “नीट बोलत जा, पुटपुटू नकोस,” असे तो घरच्यांनाच म्हणतो. हे व्यंग त्याच्या आधी त्याच्या मुलांच्या ध्यानात येते.

खात्री श्रवणमापन यंत्राने होते. आलेखात ४००० जवळ खळगा दिसतो आणि ८००० कडे रेषा पुन्हा सावरते. वार्धक्याच्या बहिरेपणात ती उतरतच जाते. तथापि हानी जुनी झाली की हा भेद पुसट होतो. तपासणी साप्ताहिक सुटीनंतर, कामावर जाण्यापूर्वी करावी. नाही तर आदल्या पाळीचा थकवाच मोजला जाईल. हंगामापूर्वीचा आलेख जपून ठेवला, तरच पुढे तुलना करता येते.

आवाज किती आहे हे उपकरणावाचूनही अजमावता येते. हातभर अंतरावरील मनुष्याशी ओरडून बोलावे लागले, तर तो बहुधा ८५ डेसिबल किंवा त्याहून अधिक असतो. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांनी आठ तासांसाठी ९० ची मर्यादा घातली. आम्हांस मात्र ८५ हीच रेषा धरणे शहाणपणाचे वाटते. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे ८५ ला आठ तास, तर ८८ ला चारच.

आता एक उदाहरण घेऊ. टर्बाइनजवळ १०० डेसिबल आवाज आहे व कामगाराने ३० डेसिबल अडविणारे कानबोळे घातले आहेत. आठही तास ते घातले, तर कानापर्यंत ७० च पोचतील. परंतु उकडते, टोचते, मुकादमाचे बोलणे ऐकू येत नाही, म्हणून त्याने एकूण अर्धाच तास ते काढून ठेवले. अर्धा तास हा पाळीचा सोळावा भाग. तेवढ्यात आत शिरलेली ऊर्जा आठ तासांवर पसरली, तरी सरासरी ८८ डेसिबल भरते! तीस डेसिबलचे संरक्षण बारावर आले. शिवाय बोळा नीट बसला नाही, तर मुळात तीसही मिळत नाहीत. स्पंजाचा बोळा बोटांनी बारीक वळावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर व मागे ओढावा, बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत धरावा. साध्या कापसाने फारसे काही साधत नाही.

पण बोळा हा शेवटचा उपाय होय. वाफ सोडणाऱ्या नळीस ध्वनिशामक बसविणे, खडखडणारी झाकणे आवळणे, झिजलेली बेअरिंगे बदलणे आणि कामगाराला काचेच्या बंद खोलीतून यंत्रावर लक्ष ठेवू देणे, ही कामे व्यवस्थापकांची आहेत. ती टाळून कामगाराच्या हाती बोळे ठेवणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

साखरेच्या गोदामात आवाज कमी, पण तेथे पाठ झिजते. पोते ५० किलोचे. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने पुरुषासाठी ५५ किलोची शिफारस केली, तिच्या आत ते बसते. परंतु पाठीला वजनाबरोबर अंतरही जाणवते. तरफेचा नियम लावून पाहा. पाठीचे स्नायू मणक्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर ओढतात. पोते ४० सेंटिमीटर पुढे धरले, तर त्यांना आठपट, म्हणजे ४०० किलोंइतका जोर लावावा लागतो. वाकलेल्या देहाचा भार निराळाच. तेच पोते २० सेंटिमीटरवर, पोटाशी धरले, तर जोर निम्मा होतो. म्हणून पाठीवर पोते वाहणाऱ्या हमालास चालताना जितका धोका, त्याहून अधिक जमिनीवरून उचलताना व कंबर पिळून थप्पीवर टाकताना असतो. पोते कमरेइतक्या उंच फळीवर उतरविले, थप्पीचे वरचे थर सरकत्या पट्ट्याने चढविले, आणि कंबर न पिळता पावले वळविली, तर हे दोन्ही क्षण टळतात.