एकेक अभ्रा सुंदर होता

हस्तकलेच्या प्रदर्शनातून रिकाम्या हाताने परत येणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. माझ्याकडे अशाच फेऱ्यांमधून कुशनचे अभ्रे साठत गेले. कच्छचं अजरख, पोचमपल्लीचं इक्कत, मछलीपट्टणमची कलमकारी आणि गुळेदगुड्डच्या खणाचे दोन, एक राणी रंगाचा आणि एक गडद निळा. नवा राखाडी सोफा आला तेव्हा हे पाचही अभ्रे त्यावर मांडले आणि पाठीवर लाल-पांढरी सोलापुरी चादर टाकली. कापड अस्सल, रंग पक्के, शिलाई नेटकी, कशातच खोट नव्हती. नणंद आली, दारातच थांबली आणि म्हणाली, "वहिनी, स्टॉल लावलायस का गं?"

राग आला, पण तिचं म्हणणं खरं होतं. सोफ्याकडे पाहिलं की नजर कुठेच टिकत नव्हती. नक्षी जास्त झाली असेल म्हणून एक अभ्रा काढून पाहिला, मग दुसरा. तीन उरले तरी गोंधळ तसाच. म्हणजे दोष संख्येत नव्हता. तो कशात होता हे समजायला बराच वेळ गेला, आणि समजलं ते एका साध्या मोजपट्टीने.

अजरखातली चांदणी मोजली तर अडीच इंच भरली. इक्कतातला चौकोन जेमतेम तीन इंच आणि कलमकारीचं फूलही तेवढंच. हाताने ठसे मारायचे तर ठसा हातात सहज धरता येईल एवढा असतो, त्यामुळे ठशांच्या छपाईत नक्षी फार करून याच मापाची असते. तीन वेगळ्या प्रांतांची, तीन वेगळ्या पद्धतींची कापडं मी आणली होती, पण मापाने ती एकच होती. तिन्ही एकाच पट्टीत गात होती, मग कुणाचंच गाणं ऐकू कसं येणार? नक्षी एकमेकींशेजारी मांडायची तर त्यांच्या मापात ठळक फरक हवा, अंदाजे तिपटीचा. एक मोठी, सात-आठ इंचांची किंवा त्याहूनही मोठी. एक मधली, दोन-तीन इंचांची. आणि एक बारीक, अर्ध्या इंचाच्या आतली. तीन इंचांशेजारी चार इंचांची ठेवली तर डोळ्याला तो फरक वाटत नाही, चूक वाटते.

बारीक नक्षीची गंमत अशी की ती लांबून दिसतच नाही. खणावरचे ठिपके पाव इंचाचे. हातात घेतलं तर किती कलाकुसर! पण दारातून, दहा-बारा फुटांवरून पाहिलं तर तो एकरंगी, किंचित चकाकणारा तुकडा असतो. म्हणून नक्षीचा हिशेब हातात धरून करायचा नाही. माणूस जिथून आत येतो तिथे उभं राहून करायचा. खण मी नक्षीदार म्हणून मोजत होते, तो तिथून साधा निघाला, आणि ते बरंच झालं.

माप समजलं तरी अर्धं कोडं उरतंच, कारण दुसरी गोष्ट आहे गडद-फिक्याची. अजरखात गडद निळ्या आणि तांबड्या रंगात पांढऱ्या रेघा असतात. माझं इक्कत काळं, लाल आणि पांढरं. सोलापुरी चादर लाल-पांढरी. तिन्हींत गडद आणि फिकं अगदी अंगाला अंग लावून उभं, आणि अशा ठिकाणी नजर आपोआप ओढली जाते. शिवाय ती एकाच वेळी तीन बाजूंना ओढली जात होती. हे तपासायचा सोपा उपाय मोबाइलमध्ये आहे. सोफ्याचा फोटो काढायचा आणि तो काळा-पांढरा करायचा. रंग गेले की खरं दिसतं. ज्या अभ्र्यात काळं आणि पांढरं तितकंच ठळक उरतं, तो बोलका. असा एकच ठेवावा, फार तर त्याची जोडी. ज्यांचा फोटोत जवळजवळ सपाट करडा रंग होतो ते कितीही नक्षीदार असले तरी त्रास देत नाहीत. माझ्या फोटोत इक्कत, अजरख आणि चादर ठसठशीत उठून दिसली, कलमकारी निम्मीशी विरघळली आणि दोन्ही खण सपाट झाले.

रंगांबद्दल सगळेच सांगतात की एक समान रंग सगळ्यांत असू द्या. ते ठीक आहे, पण नावाला समान असून भागत नाही. माझ्याकडे लाल तर जवळजवळ सगळीकडेच होता. अजरखाचा तांबडा विटकरीकडे झुकतो, खणाचा राणी रंग निळसर गुलाबीकडे जातो. दोघांना शेजारी ठेवलं की अजरख मळकट वाटतं आणि राणी भडक, आणि दोष दोघांचाही नसतो. पांढऱ्याचंही तसंच आहे, आणि तिकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. कलमकारीचं कापड छपाईआधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात, त्यामुळे त्याच्या पांढऱ्यात पिवळसर झाक असते. त्याच्याशेजारी सांगानेरी छपाईचं स्वच्छ पांढरं कापड ठेवून बघा, कलमकारी जुनी आणि न धुतलेली दिसेल. पांढरी पार्श्वभूमी असलेले अभ्रे एकत्र ठेवायचे तर सगळे शुभ्र किंवा सगळे कोरे. ही तुलना दिवसा खिडकीपाशी करा आणि रात्री घरातल्या दिव्याखालीही करा. पिवळ्या दिव्यात राणी आणि विटकरी बऱ्यापैकी जुळतात, सकाळी पुन्हा भांडतात.

मग मी मांडणी पहिल्यापासून केली. अजरख आवडतं होतं, म्हणून बोलक्याचा मान त्याला. तेच मधल्या मापाचं झालं, त्यामुळे इक्कत आणि कलमकारी तिथून हलणं भाग होतं. मोठी नक्षी हवी होती ती चादरीतून मिळाली, पण लाल-पांढरीतून नाही. कपाटात दुसरी होती, निळी-राखाडी, हातभर मोठ्या नक्षीची. सोफा राखाडी असल्याने ती त्यात मिसळते आणि तरीही नक्षी कळते. सोलापुरी चादरीला सुलटी-उलटी बाजू नसते, मागे तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन येते, म्हणून दोन्ही बाजू टाकून बघायच्या. मी राखाडी जास्त दिसणारी बाजू वर घेतली. एक पथ्य मात्र पाळावं लागलं. पूर्वी मी चादरीची चार पदरी पट्टी करून सोफ्याच्या हातावर टाकत असे, त्यात मोठ्या नक्षीचे नुसते तुकडे दिसायचे, म्हणजे मोठीची पुन्हा मधलीच व्हायची. आता ती पाठीवरून अशी सोडली आहे की एक आकृती तरी पूर्ण दिसते. बारीक नक्षीसाठी निळा खण राहिला, राणी गेला. उरलेल्या दोन जागांसाठी नवीन नक्षी आणली नाही. अजरखातल्या तांबड्याशी जुळणारी जाडीभरडी खादी आणून दोन साधे अभ्रे शिवून घेतले. म्हणजे चादर धरून पाचांत नक्षीचे दोन आणि लांबून साधे दिसणारे तीन झाले, कारण दारातून निळा खणही साध्यातच जमा. नवख्या माणसाने निम्म्याहून जास्त जागा साधी ठेवावी, हे प्रमाण मला अजून तरी चुकलेलं दिसलं नाही.

हे साधे अभ्रे मात्र गुळगुळीत असू नयेत. पोताचं काम इथे सुरू होतं. नक्षी कमी केली की सोफा ओकाबोका वाटायची भीती असते, ती कसर पोत भरून काढतो. खणाला झळाळी, म्हणून त्याच्या शेजारी खादीचा खरखरीतपणा. चकाकणाऱ्याशेजारी चकाकणारं ठेवलं, समजा खणाला लागून सॅटिन, तर दोन्ही स्वस्त दिसतात, कारण प्रकाश दोन्हींवरून सारखाच परततो. रेक्झिनचा सोफा असेल तर तोच एक चकाकणारा धरा आणि बाकी सगळं सुती, जाड, दाटीचं घ्या. त्यावरून खण घसरतोही, तो भाग वेगळा. गोधडीबद्दल थोडं सावध राहायला हवं. तिच्या धावदोऱ्याच्या सुरकुत्या हा उत्तम पोत आहे, पण जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडी म्हणजे आधीच दहा नक्षींचं संमेलन. तशी गोधडी टाकायची तर अभ्रे सगळे साधे. एकरंगी गोधडी असेल तर ती पोत म्हणून धरायला हरकत नाही.

शिलाईच्या दोन गोष्टी, कारण त्या चुकल्या की मांडणीवर परिणाम होतो. कुशन भरगच्च दिसावं म्हणून आतली उशी अभ्र्यापेक्षा इंचभर मोठी घालतात, ते सुती कापडाला ठीक आहे. खणाला हा ताण सोसत नाही, शिवणीपाशी धागे सरकतात आणि फटी पडतात. त्याला आतून मलमलीचं अस्तर लावून घ्या आणि उशी मापाचीच घाला. खणाचा पन्हाही अरुंद असतो, तेव्हा मोठ्या अभ्र्यासाठी कापड आधी मोजून घ्या. दुसरी गोष्ट, मोठ्या नक्षीचा अभ्रा असेल तर आकृती मधोमध यायला हवी. त्यासाठी कापड जास्त लागतं आणि शिंपी ते सांगितल्याशिवाय करत नाही. माझे शिंपीकाका तर म्हणाले, "ताई, एवढं कापड वाया घालवू?" घालवा म्हटलं. सोळा इंचांच्या अभ्र्यावर अर्धवट कापलेलं कमळ घेऊन वर्षानुवर्षं बसण्यापेक्षा ते परवडतं.

फिक्या सोफ्यावर निळीचं काही टाकण्याआधी ओला पांढरा रुमाल त्यावर चोळून बघा. रुमालाला निळं लागलं तर ते सोफ्यालाही लागणार. असा अभ्रा दोन-तीनदा वेगळा धुऊन पुन्हा चोळून बघायचा आणि रुमाल कोरा राहिला तरच बाहेर काढायचा.

या सगळ्याला एक मोठी मर्यादा आहे. सोफाच फुलाफुलांचा असेल तर हा हिशेब तिथे लागू होत नाही. मोठी किंवा मधली जागा सोफ्याने आधीच घेतलेली असते, तिथे पट्टे किंवा साधं कापड एवढंच शोभतं. बारीक पट्टा जवळजवळ कशाहीबरोबर जातो, कारण त्याला फूल-पानाचा आकार नसतो. गालिचा नक्षीदार असेल तर तोही मोजणीत धरा, तो सोफ्याच्या पायाशीच पसरलेला असतो आणि दारातून दोन्ही एकदम दिसतात.

इक्कत आता शयनघरात आहे, पांढऱ्या चादरीवर एकटंच, आणि तिथे फार देखणं दिसतं. कलमकारी आणि राणी खण ट्रंकेत आहेत. प्रदर्शनांना मी अजूनही जाते. सोफ्याचा फोटो मोबाइलमध्ये असतो, आणि कापड आवडलं की विक्रेत्याला ते उघडून धरायला सांगते आणि दहा पावलं मागे जाते. मागची बायकांची गर्दी वैतागते, विक्रेतेही चकित होतात. परवा एकाने विचारलं, "काय झालं ताई, आवडलं नाही का?" म्हटलं, आवडलंय हो, तिथून कसं दिसतं ते बघतेय.