हलल्यावर थांबणारी कंबरदुखी

(प्रसाद, वय २६, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. सुट्टीला मामांकडे आला आहे. मामांनी आयुष्यभर तालुक्याच्या गावी दवाखाना चालवला आणि आता तो बंद केला आहे.)

प्रसाद : मामा, ही एमआरआयची फाइल. मणक्यात गॅप आहे, गादी सरकलीय म्हणतात. तुम्ही एकदा बघा.

मामा : फाइल ठेव बाजूला. आधी तू सांग, दुखतं कधी?

प्रसाद : कंबर तर तीन वर्षं दुखतेच आहे.

मामा : किती वर्षं ते विचारलं नाही. दिवसाच्या कोणत्या वेळी?

प्रसाद : पहाटे. साडेतीन-चारला जाग येते, कूस बदलवत नाही. उठून घरात फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. सकाळी तास-दीड तास कंबर आखडलेली असते, बूट घालायला वाकता येत नाही. एकदा लाइनवर उभा राहून फिरायला लागलो की दहापर्यंत विसरूनही जातो.

मामा : आणि सुट्टीच्या दिवशी?

प्रसाद : तेच कळत नाही. रविवारी दिवसभर पडून असतो आणि रविवारीच जास्त दुखते. कंपनीच्या बसमध्ये तासभर बसलो तरी उतरताना म्हाताऱ्यासारखा उतरतो.

मामा : निम्मं निदान इथंच झालं, आणि फाइल अजून उघडलेली नाही. तुझ्या आईची कंबर पाणी भरून, वाकून काम करून दुखते. ती आडवी झाली की दुखणं उतरतं. उसण भरली, गादी सरकली, स्नायू ताणला, तर विश्रांतीनं बरं वाटतं आणि कामानं वाढतं. तुझं नेमकं उलटं आहे. विश्रांतीत वाढतं आणि हालचालीनं उतरतं. असं दुखणं चाळिशीच्या आत, नकळत, हळूहळू सुरू झालेलं असलं, तीन महिन्यांहून जास्त टिकलं आणि रात्री उठवायला लागलं, की सांध्याच्या आत सूज आहे का, हे शोधलंच पाहिजे. सुरुवात आठवते का? वजन उचललं, पडलास, असं काही?

प्रसाद : नाही. आधी उजव्या कुल्ल्यात खोलवर दुखायचं, मग डाव्या. बाजू बदलायची.

मामा : हे कुणाला सांगितलंस?

प्रसाद : कुणी विचारलं नाही.

मामा : विचारत नाहीत! आमच्या प्राध्यापकांनी पेशंटला कपडे काढून उभं केल्याशिवाय कंबरेचं निदान लिहू दिलं नसतं. आता पेशंट खुर्चीत बसतो, थेट एमआरआयची चिठ्ठी हातात पडते आणि रिपोर्टमध्ये ‘बल्ज’ शब्द दिसला की चौकशी संपते. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांचे एमआरआय काढले, तरी दहांतल्या तिघांना असा बल्ज दिसतो. मग त्याच बल्जवर तीन वर्षं उपचार चालतात. तुला काय काय सांगितलं?

प्रसाद : पट्टा, ट्रॅक्शन, आणि पंधरा दिवस सक्तीची विश्रांती.

मामा : विश्रांतीनं काय झालं?

प्रसाद : जास्तच आखडलो. कामावर गेलो तेव्हा कमी झालं.

मामा : तिथंच कुणीतरी थांबून विचार करायला हवा होता. ऊठ. मामीच्या शिलाई मशीनवरची टेप आण आणि पाठ उघडी कर. कंबरेवर या दोन खळ्या दिसतात ना, त्यांच्या रेषेवर एक खूण केली आणि बरोबर १० सेंटिमीटर वर दुसरी. आता गुडघे न वाकवता खाली वाक. जेवढं जमेल तेवढं. तुझ्या वयाच्या माणसात ही दोन खुणांमधली जागा ताणून १५ किंवा त्याहून जास्त व्हायला हवी. तुझी झाली १३. याला शोबरची चाचणी म्हणतात. तिला खर्च लागतो तो फक्त एका टेपचा. एवढ्यावर निदान होत नाही, पण पाठीचा खालचा भाग मोकळा वाकत नाही हे दिसलं. डोळा कधी लाल झाला होता?

प्रसाद : गेल्या वर्षी, उजवा. डोळे आलेत म्हणून थेंब घातले. पण उजेड अजिबात सहन होत नव्हता आणि आत ठणकायचं.

मामा : डोळे येतात तेव्हा चिकटा असतो, खाज असते. इथं ठणका होता, उजेड नको होता आणि एकच डोळा होता. तो बहुतेक युव्हियायटिस, म्हणजे डोळ्याच्या मधल्या पडद्याची सूज. मला ज्या आजाराची शंका येतेय, त्यात चारांतल्या एकाला तरी ती कधी ना कधी होते. टाच दुखते का?

प्रसाद : सकाळी पहिली पावलं टाकताना. पण मामा, हा आजार म्हणजे नक्की काय?

मामा : नाव आहे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. मणका जिथे कटीच्या हाडाला मिळतो, तिथे दोन्ही बाजूंना एकेक सांधा असतो, एसआय जॉइंट. तुझं कुल्ल्यातलं दुखणं तिथून येतं. संरक्षणासाठी असलेली शरीराची यंत्रणा तिथेच आणि स्नायूबंध हाडाला चिकटतात त्या जागांवर सूज आणते. टाचेलाही तशीच जागा आहे. पडून राहिलं की सुजलेला सांधा आखडतो, हालचालीनं मोकळा होतो. सूज वर्षानुवर्षं राहिली तर भरून येताना नवीन हाड तयार होतं आणि दोन मणके एकमेकांना जोडले जातात. सगळ्यांच्या बाबतीत तिथवर जात नाही, आणि गेलं तरी वर्षं लागतात. म्हणूनच लवकर धरायचं. यात एचएलए-बी२७ नावाच्या जीनचा संबंध आहे. हा संबंध १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांनी वेगवेगळा शोधला.

प्रसाद : बरं. पण यावर गोळ्या कोणत्या?

मामा : जीनचं ऐकून न ऐकल्यासारखं केलंस. हा जीन असलेल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही, आणि नसलेल्या थोड्यांना होतो. म्हणून नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर आजाराचा शिक्का मारायचा नाही. पुढच्या खेपेला चारच गोष्टी करून ये. रक्तात सीआरपी आणि बी२७, कटीच्या हाडाचा साधा एक्स-रे, आणि एमआरआय. पण कंबरेचा नाही, एसआय जॉइंटचा, ‘स्टिर’ सिक्वेन्ससह. चिठ्ठीवर हे मीच लिहून देतो. कंबरेच्या एमआरआयमध्ये हा सांधा नीट टिपलाच जात नाही, आणि तुझे पैसे तीन वर्षांपूर्वी तिथेच गेले.

(दोन आठवड्यांनी, रिपोर्ट घेऊन.)

मामा : सीआरपी २२. प्रयोगशाळेची मर्यादा ५ आहे. बी२७ पॉझिटिव्ह. एक्स-रेत संशय, पण खात्री नाही. १९८४ च्या जुन्या नियमांनुसार एक्स-रेवर स्पष्ट बदल दिसले तरच हे नाव द्यायचे, आणि ते बदल दिसायला कित्येक वर्षं जातात. एमआरआयमध्ये बघ, सांध्याच्या दोन्ही बाजूंना हाडाच्या आत पांढरं चमकतंय. ती चालू सूज. इथं शंका राहिली नाही. पण एक लक्षात ठेव, सीआरपी नॉर्मल आलं असतं तरी मी थांबलो नसतो. बऱ्याच रुग्णांत ते नॉर्मलच येतं.

प्रसाद : म्हणजे पेनकिलर चालू. मामा, किडनी जाईल ना?

मामा : गोळी नॅप्रोक्सेन, ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा जेवणानंतर, सोबत पोटाच्या संरक्षणाची एक गोळी. या आजारात ही नुसती दुखणं मारणारी गोळी नाही, सुजेवरचा पहिला उपचार आहे. दोन ते चार आठवडे पूर्ण मात्रेत घ्यायची. दोन दिवसांतच फरक जाणवेल. आणि रोज पालथं पडायचं, उशी पातळ, पोहणं जमलं तर...

प्रसाद : ते करतो मी. पण शेजारच्या काकांची किडनी पेनकिलरनंच गेली म्हणतात.

मामा : वय काय त्यांचं?

प्रसाद : सत्तर. मधुमेह आहे, बीपी आहे.

मामा : मग तुलना कशी करतोस? पण तुझी भीती मी उडवून लावत नाही, कारण ती खोटी नाही. किडनीला जाणाऱ्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवायला शरीर एक रसायन वापरतं आणि या गोळ्या तेच कमी करतात. तरण्या, निरोगी माणसाला याचा सहसा त्रास होत नाही. किडनी आधीच कमजोर असेल, हृदय कमजोर असेल, बीपीच्या काही गोळ्या चालू असतील, किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल, तर धोका खरा. म्हणून गोळी सुरू करण्याआधी क्रिएटिनिन आणि बीपी, महिन्याभरानं पुन्हा, नंतर दर तीन-सहा महिन्यांनी. जुलाब लागले तर गोळी बंद, बरं झाल्यावर पुन्हा. काळी शौच झाली किंवा पोटात जळजळ वाढली, तर थांबून डॉक्टरांना फोन.

प्रसाद : आणि त्यातूनही किडनी...

मामा : प्रसाद, तू तीन वर्षं दुकानातून न विचारता कॉम्बिनेशनच्या गोळ्या आणल्यास. एकदाही रक्त तपासलं नाहीस. धोका तिथे होता. शिवाय तुझ्या मित्रानं एक पुडी दिली होती, तिनं एका दिवसात गुण आला होता ना? अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड सापडतं. त्यानं हाडं ठिसूळ होतात, आणि या आजारात मणक्याची हाडं आधीच ठिसूळ व्हायला लागतात. तेवढं बंद कर. सिगरेटही बंद कर, तिनं मणके जुळण्याचा वेग वाढतो.

प्रसाद : आणि गोळीनं नाही झालं तर?

मामा : दुसरी तशीच गोळी, पुन्हा पूर्ण मात्रेत. तीही चालली नाही, तर इंजेक्शनं आहेत. अडालिमुमॅबसारखी, सूज वाढवणारा एकच घटक अडवणारी. आपल्याकडे २०१४ पासून याची स्वस्त आवृत्ती मिळते, तरी अजून महागच. आणि ती घेण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी झालीच पाहिजे. अंगात झोपलेला टीबी या औषधानं जागा होतो, आणि आपल्या देशात तो पुष्कळांच्या अंगात असतो. हे निर्णय ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनं घ्यायचे, मी नाही. पुण्यात ते आहेत, माझ्या गावात नव्हते. चाळीस वर्षांत किती पोरांची कंबर अशीच निघून गेली असेल!

प्रसाद : तुम्हाला आधी माझ्यात टीबीची शंका आली नव्हती?

मामा : आलीच होती, म्हणून विचारत होतो. मणक्याच्या टीबीतही रात्री दुखतं. पण त्यात ताप, घाम, वजन घटणं असू शकतं, आणि चालून बरं वाटत नाही. पायात बळ कमी होणं किंवा लघवीवर ताबा जाणं असेल, तर वाट बघायचीच नाही, त्याच दिवशी इस्पितळ. तुझ्यात यातलं काही नव्हतं.

प्रसाद : मग सोमवारी क्रिएटिनिन.

मामा : सोमवारी क्रिएटिनिन आणि बीपी, मंगळवारी गोळी, आणि महिन्याच्या आत ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची वेळ घे. आजच फोन कर. पट्टा काढून टाक, मामी त्याचं काहीतरी करेल. आणि तो डोळा पुन्हा लाल होऊन ठणकला, तर थेंब विकत आणू नकोस. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि त्यांना सांग, मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे.