हिसका बसला, तरी गाडी वळवायची नाही

महाडच्या बाजारातून किराणा भरून पोलादपूरला पोचवणारा एक पिकअपवाला डोळ्यांसमोर ठेवू. हा एक माणूस नव्हे, अनेकांचे तपशील जुळवून उभा केलेला आहे. मुंबई-गोवा महामार्गावर चाक खड्ड्यात गेलं की त्याच्या डोक्यात येतं, "आपण कुणाला उडवलं." मग तो गाडी वळवून खड्डा बघतो. पुढे दोनदा थांबून टायर आणि बंपर तपासतो, पोलादपूरच्या चहाच्या टपरीवर "कुठे अपघात झाला काय?" विचारतो. रात्री डॅशकॅमचं चित्रण लावतो आणि बायकोला विचारतो, "मी असं काही करीन काय गं?" 20 किलोमीटरच्या रस्त्याला त्याचे दोन-तीन तास जातात. हा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी. त्यावरची पद्धत म्हणजे भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची तपासणी करायची नाही, ईआरपी. लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये दोन रुग्णांवर केलेल्या उपचारांपासून ती सुरू झाली. हे काम प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करायचं. जवळ कोणी नसेल तर टेलि-मानसच्या 14416 वर फोन करून विचारता येतं.

पहिल्या दोन बैठकांत गाडीला हात लावायचा नाही. वाय-बॉक्स ही दहा प्रश्नांची मोजपट्टी भरून घ्यायची. गुण 0 ते 40. समजा त्याचे 26 आले, म्हणजे त्रास तीव्र आहे. मग आठवडाभर वहीत तीन रकाने: काय घडलं, डोक्यात काय आलं, शांत होण्यासाठी काय केलं. तिसरा रकाना नीट भरला जात नाही, कारण बऱ्याच गोष्टी बाहेरून दिसत नाहीत. हा गृहस्थ रात्री पडल्या पडल्या सगळा रस्ता मनात वळणागणिक पुन्हा चालवतो. हिसका बसला की स्वामींचं नाव पुटपुटतो. वस्ती आली की वीसच्या वेगाने जातो. या सगळ्या तपासण्याच आहेत आणि त्या सुटल्या तर पुढचं सगळं वाया जातं. सकाळची जपमाळ चालू ठेवावी. हिसक्यानंतरचं नाम तेवढं थांबवायचं. संध्याकाळी भीती मारायला दारू घेतो का, जगणं नकोसं वाटतं का, हेही इथेच विचारायचं. तसं असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञ. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिनसारख्या गोळ्या ईआरपीबरोबर चालतात, पण परिणाम दिसायला दहा-बारा आठवडे लागू शकतात. गोळ्या सुरू झाल्यावर झोप येत नाही ना, याची खात्री झाल्याशिवाय स्टिअरिंगवरचे सराव नकोत.

तिसऱ्या बैठकीत शिडी. इथे नवखे लोक चुकतात ते रस्त्यांची शिडी करून: आधी सोपा रस्ता, मग घाट. रस्ता तोच ठेवला तरी तपासणी वगळल्यावर त्रास वाढतो, म्हणून पायऱ्या "काय करणार नाही" यावर बांधायच्या. प्रत्येकीला त्याने 0 ते 100 मध्ये त्रासाचा अंदाज द्यायचा. त्याची शिडी अशी झाली: दिवसा बाजारातून नांगलवाडी फाट्यापर्यंत जाऊन टायर न बघणं, 30. दिवसा पोलादपूरपर्यंत न वळता जाणं, 45. टपरीवर न विचारणं, 50. शाळा सुटायच्या वेळी वस्तीतून इतर गाड्यांच्या वेगाने जाणं, 60. अंधार पडताना परत येणं आणि बायकोला काही न विचारणं, 70. डॅशकॅमचं कार्ड आठवडाभर बायकोकडे देऊन टाकणं, 80. कोरड्या दिवसांत आंबेनळी घाटाची पहिली वळणं एकट्याने चढून येणं आणि रात्री रस्ता मनात न चालवणं, 90. पावसाळ्यात घाट शिडीत धरायचा नाही. दरडीची भीती खरी आहे, तिला सामोरं जाणं हा उपचार नव्हे. जे काम शहाणा ड्रायव्हर रोज करतो तेवढंच करायचं.

म्हणून एक रेघ आधीच आखून घ्यायची. आरसे नेहमीसारखे बघायचे. कुणी दिसलं, ओरडलं, धडकल्याचं प्रत्यक्ष कळलं तर थांबायचं आणि मदत करायची. नुसतं "वाटलं" तर गाडी चालवत राहायचं. ही रेघ एकदाच समजावायची. हिसक्यागणिक तो ती मनात घोकू लागला तर तीच नवी तपासणी झाली.

चौथ्या ते दहाव्या बैठकीत प्रत्यक्ष सराव, आठवड्याला एक बैठक साधारण तास-दीड तासाची आणि घरचा अभ्यास रोज. निघण्यापूर्वी त्याला भाकीत लिहायला लावायचं. "कुणाला लागलं नसेल" हे भाकीत चालत नाही, कारण ते पडताळायला पुन्हा तपासावं लागेल. पडताळता येईल असं हवं: "मागे न वळता पोलादपूरला पोचलो तर हात कापतील, माल उतरवताच येणार नाही, रात्रभर झोप नाही." परत आल्यावर त्याच कागदावर झालेलं लिहायचं. माल उतरवला, हात थोडे कापले, झोप बाराला लागली. भीती शून्यावर आली का, हे मोजत बसू नये. ती 60 वर असतानाही माल उतरवता आला, हेच शिकायचं आहे. गाडी चालू असताना आकडे विचारायचे नाहीत, पोचल्यावर विचारायचे.

एका ठिकाणी हमखास घोटाळा होतो. तज्ज्ञ शेजारच्या सीटवर बसला तर त्रास 45 वरून 15 वर येतो आणि दोघेही खूष होतात. विचारलं की कळतं: "तुम्ही होतात ना, काही झालं असतं तर तुम्हीच बोलला असता." म्हणजे तज्ज्ञच डॅशकॅम झाला. पहिल्या खेपेपुरतं बसावं, मग उतरावं. त्रास फार पटकन उतरला तर आनंदाआधी हाच संशय घ्यावा.

सहाव्या बैठकीला बायकोला बोलवायचं. ती रोज पाच-सहा वेळा "नाही हो, काही नाही झालं" म्हणते, मायेपोटीच. ते एकदम तोडायचं नाही. त्याच्या तोंडूनच ठरवून घ्यायचं की तिने म्हणावं, "याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय, जेवायला बसा." पहिल्या आठवड्यात तो चिडतो, तिला हे आधी सांगून ठेवावं, नाहीतर तिसऱ्याच दिवशी ती उत्तर देऊन मोकळी होते.

रात्री रस्ता मनात पुन्हा चालवतो, त्यासाठी गोष्ट लिहायची. त्याच्याच शब्दांत, पाऊणएक पान, वर्तमानकाळात: अंधार पडतोय, चाक कशावरून तरी गेलं, मी थांबलो नाही. शेवट गोड करायचा नाही. "कदाचित कुणी होतं, कदाचित नव्हतं, मला कधीच कळणार नाही," इथेच सोडायची. त्याच्या आवाजात मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून घरी बसून रोज अर्धा तास ऐकायची, गाडी चालवताना कधीच नाही. महाडजवळचा सावित्रीवरचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री गाड्यांसकट गेला, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे "रस्त्यावर असं काही होत नसतं" अशी समजूत इथे कोणाला पटणार नाही, आणि उपचारालाही तिची गरज नाही.

बाराव्या बैठकीला वाय-बॉक्स पुन्हा. 35 टक्के घट झाली तर उपचार लागू पडला असं धरतात. 26 वरून 16 किंवा खाली. तेवढी नसेल तर बहुतेक वेळा एखादी लपलेली तपासणी राहिलेली असते. पुन्हा वहीचा तिसरा रकाना उघडायचा आणि औषधाबद्दल मनोविकारतज्ज्ञाशी बोलायचं. तेवढी घट झाली असेल तर बैठका महिन्यावर न्यायच्या आणि एक कागद त्याच्याकडे द्यायचा. जूनमध्ये खड्डे पुन्हा उघडतात, हिसके वाढतात, एखाद्या दिवशी तो गाडी वळवतोच. कागदावर लिहिलेलं असतं: वळलास तर दुसऱ्या दिवशी त्याच पट्ट्यावरून, त्याच वेळी, न वळता जा. दोन दिवस जमलं नाही तर 45 ची पायरी पुन्हा आठवडाभर कर, आणि तरीही नाही तर महिना संपायची वाट न बघता फोन कर.