एक चित्र दोन जागी बसत नाही

मैत्रिणींनो, गटाच्या हापूसच्या पेटीचं चित्र वॉलपेपरलाही हवं आणि वेबसाईटच्या बॅनरलाही? मग एआय ॲपकडून दोन वेगळी चित्रं करून घ्या.

वॉलपेपर उभा, 9:16. म्हणजे रुंदी 1080 पिक्सेल, तर उंची 1920. त्यातून 3:1 चा बॅनर कापला, तर उंची फक्त 360 उरते. पेटी दिसेल, पण माड आणि समुद्र जातील.

नुसतं माप देऊन भागत नाही, कोणती वस्तू कुठे हवी तेही लिहा. वॉलपेपरसाठी: “उभं चित्र, 9:16. आंब्याची पेटी मध्याच्या थोडी खाली, वर मोकळं आकाश.” वर घड्याळ येतं ना, म्हणून ती जागा मोकळी.

बॅनरसाठी: “आडवं चित्र, 3:1. पेटी उजवीकडे, मागे समुद्रकिनारा, डावी बाजू साधी, मोकळी.” डावीकडे गटाचं नाव आपण नंतर टाईप करायचं. ॲपने काढलेली मराठी अक्षरं बरेचदा चुकतात.

ॲपमध्ये 3:1 नसेल तर 16:9 घ्या आणि “पेटी उंचीच्या मधोमध, वर-खाली मोकळी जागा” असं जोडा. मग वरचं-खालचं कापलं तरी पेटी शाबूत राहते.